सांभाळू शकेल असं कोणी

सरांनी हाताने लिहिलेली पानं टाइप करून देते, असं मी म्हणाले, तिथेच पहिली चूक झाली. नियमाने ती पानं माझ्या नजरेसही पडायला नको होती.

त्या वर्षी मी एका संशोधन संस्थेसाठी प्रश्नावलीचा अनुवाद करत होते. घरात अंथरुणाला खिळलेलं माणूस असतं, त्याला सांभाळणाऱ्या माणसाचं काय होतं, याची मोठी पाहणी होती. एकूण बेचाळीस प्रश्न. तेच बेचाळीस प्रश्न अकरा भाषांमध्ये विचारायचे, आणि अकराही ठिकाणी ऐकणाऱ्याला तोच प्रश्न कळला पाहिजे. नाहीतर उत्तरांची तुलना करण्यात काय अर्थ? एकाला आंबट किती ते विचारायचं, दुसऱ्याला गोड किती, आणि मग दोघांचे आकडे एका तक्त्यात मांडायचे.

म्हणून कामाची एक पद्धत ठरलेली आहे. आधी दोन अनुवादक एकमेकांना न विचारता मूळ प्रश्न आपल्या भाषेत आणतात. मग दोघं समोरासमोर बसतात, भांडतात, आणि एक मसुदा ठरतो. तो मसुदा तिसऱ्याकडे जातो. या तिसऱ्याने मूळ प्रश्न पाहिलेलेच नसतात. त्याच्या हाती फक्त आपल्या भाषेतला मसुदा, आणि त्यावरून त्याने सगळं परत मूळ भाषेत न्यायचं. याला उलट अनुवाद म्हणतात. आमच्या कचेरीत सगळे सुलट-उलट म्हणायचे, स्वेटर विणल्यासारखं. शेवटी मूळ आणि परत आलेला मजकूर शेजारी शेजारी ठेवून समिती बघते, जाता-येता वाटेत काय सांडलं. तिसरा माणूस कोरा असणं यावर हा सगळा डोलारा उभा असतो.

आमचा तिसरा माणूस म्हणजे सर. मी कॉलेजात होते तेव्हा त्यांनी मला दोन्ही भाषा शिकवल्या. ‘शिकवल्या’ हा शब्द कमी पडतो. मला वाक्य ऐकायला आलं ते त्यांच्यामुळे. पत्नी गेल्यानंतर ते एकटेच राहत होते, तिसऱ्या मजल्यावर, दोन खोल्यांमध्ये. मुलगा लांब, महिन्यातून एकदा फोन. डोळ्यांच्या पडद्याचा त्रास सुरू झाला होता. टेबलाला भिंग लावलेला एक दिवा चिकटवलेला होता, त्याखाली कागद सरकवत सरकवत ते वाचायचे. कॉम्प्युटरचा पडदा त्यांना सोसत नव्हता. त्यांचं नाव उलट अनुवादासाठी मीच सुचवलं होतं, आणि समन्वयक मॅडमनी विचारलं, “या वयात जमेल का त्यांना?” तेव्हा मी छातीठोकपणे हो म्हणाले होते.

मी या पाहणीत सुलट अनुवाद करणाऱ्या दोघांपैकी एक होते. दुसरा एक तरुण अनुवादक होता, फार जपून शब्द वापरणारा. मसुदा ठरवताना आमचं सगळ्यात जास्त वाजलं ते सतराव्या प्रश्नावर. मूळ प्रश्न असा होता की तुम्हाला काही तास बाहेर जायचं असेल तर तुमच्या जागी रुग्णाला सांभाळायला येईल, आणि जिच्यावर विसंबता येईल, अशी एखादी व्यक्ती आहे का. मूळ भाषेत ‘विसंबता येईल’ला एकच सुटसुटीत शब्द आहे, रोजच्या बोलण्यातला. त्या मुलाने लिहिलं होतं, ‘जिच्यावर तुम्ही भिस्त ठेवू शकता, अशी व्यक्ती’. मी हसले.

“भिस्त कोण म्हणतं आता? तुझी आजी?”

“मग ‘भरवशाचं माणूस’ म्हणू या,” तो म्हणाला.

“भरवशाचं म्हटलं की लोकांना वाटेल, चोरी न करणारं. प्रश्न लांबतोय. उभ्या उभ्या विचारायचा आहे, दारात.”

आणि मी लिहिलं: ‘तुम्ही घरी नसताना रुग्णाला सांभाळू शकेल असं कोणी आहे का?’ सोपं, गोळीबंद वाक्य. तो थोडा वेळ वाक्याकडे पाहत राहिला. “काहीतरी राहतंय,” म्हणाला. मी त्याच्यापेक्षा वीस वर्षांनी मोठी, माझ्या नावावर तीसेक प्रश्नावल्या. त्याने मान डोलावली, आणि मसुद्यात माझं वाक्य गेलं.

सरांकडे मसुदा पोचवायला मीच गेले. ते म्हणाले, “अगं, हाताने लिहून देईन मी. टाइप कोण करणार?” मी म्हटलं, मी करते. मॅडमना सांगितलं असतं तर त्यांनी दुसरा टंकलेखक दिला असता. पण मला वाटलं, एवढ्याशासाठी कशाला गवगवा. त्यांना दिसत नाही हे कचेरीत कळायलाही नको होतं.

पाच दिवसांनी सरांनी पहिले वीस प्रश्न दिले. घरी येऊन मी टाइप करायला बसले, आणि शेजारी मूळ प्रश्न उघडून ठेवले. ते उघडायचंही काही कारण नव्हतं.

पाच प्रश्न जुळत नव्हते. नवव्या प्रश्नात मूळ विचारणा होती ती रुग्णाचा राग येतो का, अशी. सरांनी लिहिलं होतं, ‘तुमची चिडचिड होते का?’ रुग्ण गायब. सतराव्यात त्यांनी लिहिलं होतं, रुग्णाला सांभाळण्याची ज्याच्यात क्षमता आहे असं कोणी आहे का. विसंबण्याचं नाव नाही. मी ती पानं हातात धरून बसले आणि मला वाईट वाटलं. खरंच वाईट वाटलं. गेल्याच आठवड्यात त्यांनी मला एका तासात दोनदा विचारलं होतं की दुसरा अनुवादक कोण आहे. चष्मा कपाळावर आणि ते चष्मा शोधताहेत, हेही पाहिलं होतं. मी मनाशी म्हटलं, सर गेले. माणूस बसलेला आहे, पण वाक्य ऐकणारा कान गेला.

त्या वेळी मी एक गोष्ट केली नाही. सरांचं वाक्य माझ्या वाक्याशी लावून पाहिलं नाही. मूळ प्रश्नाशी लावलं. माझं वाक्य मला पाठ होतं, आणि पाठ असलेल्या गोष्टीत कोण डोकावतं?

दुसऱ्या दिवशी मी मूळ प्रश्नांची फाइल घेऊन त्यांच्याकडे गेले.

“सर, ही संदर्भाला राहू द्या.”

त्यांनी भिंगाखाली पहिलं पान धरलं आणि लगेच बाजूला ठेवलं. “हे मूळ आहे. हे मी बघायचं नसतं ना?”

“नसतं. पण पाच ठिकाणी गफलत झाली आहे. समितीपुढे हे असं गेलं तर पुढच्या कामाला तुम्हाला विचारणार नाहीत.”

“पाच?”

“हो सर.”

“विसात पाच?”

त्यांनी हात पुढे करून माझ्याकडून आपली पानं मागितली. मी ती आणली नव्हती. ते खिडकीकडे बघत बसले. मग म्हणाले, “तू बघितलंस म्हणजे असेल. माझंच लक्ष हल्ली...” आणि वाक्य तसंच सोडलं. चाळीस वर्षं मुलांना वाक्य पुरं करायला लावणारा माणूस.

मी फाइल टेबलावर ठेवली. कोणाला कळणार आहे, असं काहीसं मी म्हणाले. मी मोठं पुण्याचं काम करते आहे, असंच मला वाटत होतं.

चार दिवसांनी बेचाळीसही प्रश्न आले. एकूण एक जुळत होते. मी टाइप केले, आणि सोबत संस्थेचं हमीपत्र होतं त्यावर त्यांची सही घेतली. बारीक टाइपात छापलेलं असतं ते. सरांनी विचारलं, “हे काय?” मी म्हटलं, “नेहमीचा फॉर्म.” बोट कुठे ठेवायचं ते दाखवलं, त्यांनी सही केली. त्यात लिहिलं होतं की उलट अनुवाद करणाऱ्याने मूळ मजकूर कोणत्याही टप्प्यावर पाहिलेला नाही.

समितीची बैठक चांगली झाली. भिंतीवरच्या पडद्यावर तीन रकाने होते, मूळ, आपला मसुदा, उलट अनुवाद. जुळलेल्या ओळीला हिरवा रंग, शंकेला पिवळा, चुकलेल्याला लाल. बाकीच्या भाषांचे तक्ते आंब्याच्या झाडासारखे तीन रंगांत, आमचा नुसता हिरवागार. मॅडम म्हणाल्या, “इतका स्वच्छ तक्ता मी पाहिला नव्हता. सरांना माझा नमस्कार सांगा.” दुसरा अनुवादक पडद्याकडे डोळे बारीक करून बघत होता. सतराव्या ओळीवर त्याची नजर थांबली. “सरांना आपल्या ‘सांभाळू शकेल’मधून विसंबणं कसं काय सापडलं?” त्याने विचारलं.

“अनुभव,” मी म्हणाले.

सगळे हसले. तोही हसला.

त्यानंतर चाचणी असते. खऱ्या पाहणीआधी दहा-बारा माणसांना प्रश्न विचारायचे, आणि प्रत्येक प्रश्नानंतर म्हणायचं, यातून तुम्हाला काय कळलं ते तुमच्या शब्दांत सांगा. हे काम एका सर्वेक्षक ताईकडे होतं. पन्नाशीची, पायात जाड तळव्याचे बूट, खांद्याला कापडी पिशवी, आणि बोलायला एकदम रोखठोक. चाचणी संपल्यावर तिने मला जिन्यात गाठलं.

“तो सतरावा प्रश्न जरा बघता का? एक बाई आहे, नवऱ्याला लकवा झालाय, चार वर्षं झाली. तिला विचारलं तर ती हसली. म्हणाली, ‘शकेल की. माझा दीर शकेल. धडधाकट आहे, वरच्याच मजल्यावर राहतो.’ मी म्हटलं, मग येतो का? तर म्हणाली, ‘तुम्ही शकेल का विचारलंत. येतो का ते कुठे विचारलंत?’”

“मग ‘हो’ म्हणाली ना?”

“हो म्हणाली.”

“तर ‘हो’ लिहा.”

“अहो, पण अजून तिघांनी असंच...”

“ताई, उलट अनुवाद शब्दाला शब्द जुळलाय. प्रश्नात काही नाही. लोकांना बोलायला कोणी मिळालं की ते बोलतात.”

ती पिशवी सावरून खाली गेली. तरी तिने आपल्या अहवालात शेरा लिहिलाच: प्रश्न १७, काही जणांना हसू येते. बैठकीत मॅडमनी तो वाचून दाखवला आणि माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, हिरवा आहे. आणि पुढचा प्रश्न घेतला.

वर्षभराने निष्कर्ष आले. जाड, गुळगुळीत कागदाचा अहवाल, मुखपृष्ठावर एका हातात दुसरा हात. सतराव्या प्रश्नावर दहा भाषांमध्ये शंभरातल्या तीस ते पंचेचाळीस जणांनी ‘हो’ म्हटलं होतं. आमच्यात त्र्याऐंशी जणांनी. आलेखात आमचा खांब असा उभा होता, जसा पाहुण्यांच्या फोटोत घरातला उंच मुलगा.

खरं म्हणजे असा खांब दिसला की संशोधकाने आधी आपला प्रश्न तपासायचा असतो. पण तो खांब सगळ्यांना आवडला. संचालकांनी प्रकाशनाच्या भाषणात वीस मिनिटं त्यावरच घेतली. आपल्याकडे अजून नाती शिल्लक आहेत, जगाने आपल्याकडून शिकावं, वगैरे. टाळ्या झाल्या. मीही वाजवल्या. माझ्या शेजारी बसलेल्या मॅडम हळूच म्हणाल्या, “जरा जास्तच आहे, नाही?” आणि त्यांनीही वाजवल्या.

दोन महिन्यांनी सर्वेक्षक ताई कचेरीत आली. या वेळी तिने मला जिन्यात वगैरे गाठलं नाही. सरळ माझ्या टेबलाशी आली आणि एक छापील पत्रक ठेवलं. शहरात चार केंद्रं होती, जिथे आजारी माणसाला दिवसभरासाठी सोडता यायचं. सकाळी सोडायचं, संध्याकाळी न्यायचं. त्यातली तीन बंद होणार होती. कारणात आमच्या पाहणीचा उल्लेख होता. ‘बहुसंख्य कुटुंबांमध्ये पर्यायी काळजीवाहक उपलब्ध असल्याचे आढळून आल्याने’, असं लिहिलं होतं.

“ती लकवेवाल्या नवऱ्याची बाई,” ताई म्हणाली, “आठवड्यातून दोन दिवस तिथे सोडते त्याला. त्या दोन दिवसांत दुकानात काम करते. आता काम सोडावं लागणार.”

“दीर?” मी विचारलं. विचारायला नको होतं.

“दीर शकतो,” ती म्हणाली. “अजून शकतोच.”

ती गेल्यावर मी कपाटातून जुनी फाइल काढली. या वेळी मी माझं वाक्य वाचलं, दुसऱ्याने लिहिल्यासारखं. सांभाळू शकेल असं कोणी आहे का. त्यात विसंबणं कुठेच नव्हतं. होती ती फक्त ताकद. हातपाय धड असलेल्या कोणाही नातेवाइकाला ते वाक्य लागू होतं. मग नववा प्रश्न काढला. तुमची चिडचिड होते का? रुग्णावर की कोणावर, हे मीच लिहिलं नव्हतं. पाचही ठिकाणी तेच. पहिल्या वेळी सरांनी जे परत आणलं होतं ते अगदी तेच होतं, जे मी त्यांच्या हातात दिलं होतं. त्यात चूक होती, पण ती त्यांची नव्हती.

मी मॅडमकडे गेले आणि सगळं सांगितलं. टायपिंग, फाइल, हमीपत्र, जिन्यातलं बोलणं, सगळं. त्यांनी दार लावून घेतलं. ऐकताना त्या पेनाचं टोपण काढत-घालत होत्या.

“हे आणखी कोणाला बोललात?”

“नाही.”

“मग आत्ता बोलू नका. छापून झालंय सगळं.”

“केंद्रं बंद होतायत.”

“ती आपण बंद केलेली नाहीत.”

“आपला आकडा वापरलाय त्यांनी.”

“त्यांना हवा होता म्हणून वापरला. तो नसता तर दुसरा शोधला असता.” त्या खिडकीकडे वळल्या. “मी रागावले नाही असं समजू नका. पण आता करायचं काय, ते सांगा.”

मी म्हटलं, लेखी देते. तीन पानी निवेदन दिलं. प्रत्येक वाक्यात कर्ता ‘मी’ ठेवला. सरांचा काही दोष नाही, हे दोन ठिकाणी लिहिलं, एकदा त्याखाली रेघही मारली.

त्यावर संस्थेने जे केलं ते असं. अहवालाच्या पुढच्या आवृत्तीत, शेवटच्या परिशिष्टात, सगळ्यात बारीक टाइपात एक तळटीप आली: ‘प्रश्न १७ च्या उत्तरांचा अर्थ लावताना सावधगिरी बाळगावी.’ का, ते लिहिलं नाही. दोन वर्षांनी होणाऱ्या पुढच्या फेरीत प्रश्न बदला, असं मी म्हटलं तेव्हा आकडेवारीच्या तज्ज्ञाने समजावून सांगितलं की शब्द बदलले तर आधीच्या फेरीशी तुलना करता येणार नाही. म्हणजे चुकीचा प्रश्न पुन्हा तसाच विचारायचा, कारण तो एकदा विचारून झालाय. शास्त्राच्या दृष्टीने त्याचं म्हणणं बरोबर होतं. आणि केंद्रं ठरल्या तारखेला बंद झाली.

मला कोणी काही म्हणालं नाही. उलट संचालकांनी बोलावून प्रामाणिकपणाचं कौतुक केलं. पुढच्या पाहणीचं काम त्याच आठवड्यात माझ्या टेबलावर आलं.

बुधवारी मी सरांकडे गेले. बुधवारी मी नेहमीच जायची, त्यांची पत्रं आणि बिलं वाचून दाखवायला. त्यांना काय आणि कसं सांगायचं ते वाटेत जुळवत होते. दार उघडून ते आत वळले आणि म्हणाले, “बरं झालं आलीस. तुमच्या संस्थेचं पाकीट आलंय परवा. भिंगाखाली धरलं, पण अक्षर फार फिकट आहे. वाच बरं.”

मी पाकीट फोडलं. एकच पान होतं. मी मनात पहिल्या दोन ओळी वाचल्या आणि थांबले.

“वाच ना.”

एक क्षण असा आला की मी दुसरं काही वाचून दाखवू शकले असते. आभाराचं पत्र वगैरे. त्यांना कळलं नसतं. पण एकदा त्यांच्यासमोर ‘नेहमीचा फॉर्म’ म्हणून झालं होतं. आता तोंडातून दुसरं खोटं निघेना.

मी वाचलं. “‘महोदय, आपण उलट अनुवादाचे काम करताना मूळ मजकूर पाहिला असल्याचे निदर्शनास आले आहे. तसे न केल्याबाबतच्या हमीपत्रावर आपली स्वाक्षरी आहे. सदर हमीपत्र खोटे ठरत असल्याने आपले नाव अनुवादकांच्या यादीतून वगळण्यात येत आहे. आपल्याला यापुढे काम देता येणार नाही याची नोंद घेतली जावी.’”

मी पानाची घडी घालून ते हातातच ठेवलं.

“‘नोंद घेतली जावी’,” सर म्हणाले. “‘नोंद घ्यावी’ म्हटलं असतं तर काय बिघडलं असतं?” आणि मग, त्याच आवाजात, “हमीपत्र कुठलं?”

“मी नेहमीचा फॉर्म म्हटलं होतं, तो.”

“अस्सं.”

मी सांगायला सुरुवात केली. आकडा, केंद्रं, ती बाई, तिचा दीर, माझं निवेदन. सर मला अडवत नव्हते. माझं संपल्यावर ते उठले, भिंतीला हात लावत कपाटाशी गेले आणि खालच्या खणातून एक वही घेऊन आले. शाळकरी दोनशे पानी वही. त्यांनी ती माझ्या मांडीवर ठेवली.

“तुझी फाइल येण्याआधी मी बेचाळीसही प्रश्न इथे करून ठेवले होते. तुला वीसच दिले होते, बाकीचे उतरवायचे होते. बघ.”

मी वही उघडली. मोठमोठ्या, ओळीबाहेर जाणाऱ्या अक्षरांत एकेक प्रश्न होता. काही प्रश्नांखाली पेन्सिलीने टिपण. सतराव्याखाली लिहिलं होतं: ‘इथे काही सांडलंय असं वाटतं. अनुवादकाला क्षमता विचारायची नसावी. मूळ पाहू नये. समितीला कळवावे.’ नवव्याखाली, ‘कोणावर?’ एकोणतिसाव्याखालीही एक टिपण होतं, ती माझी सहावी चूक. ती मला त्या दिवसापर्यंत माहीतच नव्हती.

“मग तुम्ही कळवलं का नाहीत?” माझा आवाज मलाच परका वाटला.

“तू आलीस. म्हणालीस, विसात पाच चुका.” ते खुर्चीत बसले, हात गुडघ्यांवर ठेवून. “मी विचार केला, माझे डोळे गेलेत, उद्या डोकंही जाईल, ते कळायला आपल्याला दुसरं माणूस लागणार. आणि ते तू असशील तर बरं. म्हणून हे सगळं बाजूला ठेवलं आणि तुझ्या फाइलीत होतं ते उतरवून काढलं. उतरवूनच काढलं, अगदी. त्याला अनुवाद म्हणत नाहीत.”

“सर, माझं चुकलं.”

“हो.”

मला वाटलं होतं, ते पुढे काहीतरी म्हणतील. ते माझे सर होते. तीस वर्षांत मी कितीतरी वेळा चुकले, आणि प्रत्येक वेळी ‘हो’च्या पुढे त्यांचं काहीतरी असायचं, एखादी थट्टा, एखादं उदाहरण. या वेळी नव्हतं.

“दीड वर्ष,” ते म्हणाले, “दीड वर्ष मी स्वतःला तपासतोय. भाजीवाल्याने काय सांगितलं ते घरी येऊन आठवून बघतो. मुलाचा फोन आला की ठेवल्यावर सगळं बोलणं मनात परत म्हणतो, बरोबर ऐकलं का ते बघायला. त्याला म्हणालोसुद्धा, मला तुझ्याकडे ने, माझ्या डोक्याचा आता भरवसा नाही. तो म्हणतो, बघू या.” त्यांनी वही माझ्या मांडीवरून उचलली, बोटांनी पानं सारखी केली. “तू संस्थेला लिहून दिलंस, ते चांगलं केलंस. पण त्याआधी इथे यायला हवं होतंस.”

मी म्हटलं, मी संस्थेकडे पुन्हा जाईन, वही दाखवीन, तुमचं नाव परत घ्यायला लावीन. ते म्हणाले, “वही मी कोणाला देणार नाही.” का, असं विचारायचं धैर्य मला झालं नाही. मग मी म्हटलं, निदान बिलं वाचून दाखवते, दोन आली आहेत. ते म्हणाले, खालच्या मजल्यावरची बाई वाचते हल्ली.

“पुढच्या बुधवारी येऊ?”

ते भिंगाचा दिवा लावायला खाली वाकले. खटका दोनदा चाचपून सापडला. दिव्याच्या पांढऱ्या गोलात त्यांनी रिकामं पाकीट धरलं, ते मूळ पत्र असल्यासारखं, आणि वाचत राहिले.

“जाताना दार ओढून घे,” म्हणाले. “कडी नीट लागत नाही.”

मी दार ओढून घेतलं. कडी लागली की नाही ते बघायला थोडा वेळ बाहेर उभी राहिले, मग जिना उतरले. त्यानंतर दोन बुधवार गेले. दोन्ही वेळा खालच्या मजल्यावरच्या बाईने दार उघडलं, आणि सर झोपलेत असं सांगितलं.